वाक्याचे पाच सांगाडे

इंग्रजी वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे, शब्दकोश उघडण्याची गरज नाही आणि तरीही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही, हा अनुभव मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. तालुक्याच्या गावी हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. या काळात शब्द न येणारी मुले मला कमी भेटली. शब्द येतात, स्पेलिंगे येतात, काळांचे तक्ते धडाधड म्हणून दाखवता येतात, पण दोन ओळींचे वाक्य समोर आले की हीच मुले अडतात.

याचे मूळ दोन भाषांच्या स्वभावात आहे. मराठीत शब्द आपली ओळख अंगावर घेऊन फिरतो. 'वाघाने माणसाला मारले' म्हणा किंवा 'माणसाला वाघाने मारले' म्हणा, मेला तो माणूसच. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दांना चिकटून आहेत, त्यामुळे शब्द जागा बदलून बसले तरी कोण कोण आहे ते कळते. इंग्रजीत ही सोय नाही. 'द टायगर किल्ड द मॅन' यातले दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवले की वाघ मेला आणि माणूस वाचला! तिथे शब्दाची ओळख त्याच्या अंगावर नसते, ती त्याच्या जागेत असते. म्हणून इंग्रजी वाचताना शब्दांचे अर्थ लावण्याआधी जागा ओळखाव्या लागतात. सुदैवाने या जागा मोजक्या आहेत आणि त्यांच्या मांडणीचे मूळ प्रकार अवघे पाच आहेत.

आपल्या पिढीने शाळेत वाक्यपृथक्करणाचे तक्ते आखलेले आहेत. उद्देश्य, विधेय, कर्म, विधानपूरक, विधेयविस्तार अशी ती घरे होती. इंग्रजीतली घरे फारशी वेगळी नाहीत. सब्जेक्ट म्हणजे कर्ता, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ऑब्जेक्ट म्हणजे कर्म, कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक आणि अॅडव्हर्बियल म्हणजे केव्हा, कुठे, कसे, का ते सांगणारा भाग. त्याला आपण विस्तार म्हणू. मात्र इथला कर्ता म्हणजे काम करणाराच असला पाहिजे, असे नाही. साध्या विधानात क्रियापदाच्या आधीची ती एक राखीव जागा आहे आणि ती रिकामी ठेवता येत नाही. 'पाऊस पडतो आहे' याला इंग्रजीत 'इट इज रेनिंग' म्हणतात. त्यातला 'इट' काहीही करत नाही, तो नुसता जागा धरून बसला आहे.

आता पाच प्रकार पाहू. मी वर्गात ते एक भाऊ आणि एक वकील यांच्या गोष्टीतून सांगत असे.

पहिला प्रकार सर्वांत छोटा. 'माय ब्रदर लाफ्ड.' भाऊ हसला. कर्ता आणि क्रियापद, संपले वाक्य. हसण्याला आणखी कोणाची गरज नाही.

दुसरा प्रकार, 'माय ब्रदर बिकेम अ लॉयर.' भाऊ वकील झाला. 'बिकेम' म्हटल्यावर काय झाला ते सांगावेच लागते. ते सांगणारा शब्द म्हणजे पूरक.

तिसरा प्रकार, 'माय ब्रदर मेट अ लॉयर.' भाऊ एका वकिलाला भेटला. वरवर पाहता दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात एकाच शब्दाचा फरक आहे. पण दुसऱ्या वाक्यात माणूस एकच आहे, भाऊ तोच वकील. तिसऱ्यात माणसे दोन आहेत. म्हणून तिसऱ्यातला वकील कर्म आहे, पूरक नव्हे. 

चौथा प्रकार, 'माय ब्रदर सेंट द लॉयर अ लेटर.' भावाने वकिलाला पत्र पाठवले. इथे क्रियापदामागे दोन कर्मे आहेत. आधी ज्याला मिळाले तो आणि मग जे मिळाले ते.

पाचवा प्रकार, 'माय ब्रदर कॉल्ड द लॉयर अ थीफ.' भावाने वकिलाला चोर म्हटले. पुन्हा क्रियापदामागे दोन नामे आहेत, पण आता ती दोन वेगळ्या गोष्टींची नाहीत. वकील तोच चोर, निदान भावाच्या मते. म्हणजे 'लॉयर' हे कर्म आणि 'थीफ' हे त्या कर्माचे पूरक.

ही पाच वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. कर्ता सगळीकडे तोच आहे, बदलते ते क्रियापद, आणि त्याच्याबरोबर पुढची मांडणी बदलते. क्रियापद हा यजमान समजा. किती पाट मांडायचे आणि कोणत्या पाटावर कोण बसायचे, ते तोच ठरवतो. म्हणून वाक्य सोडवताना पहिल्या शब्दापासून अडखळत जाऊ नये. आधी मुख्य क्रियापद शोधावे आणि त्याला विचारावे, की बाबा रे, तुला पुढे काय काय हवे आहे?

राहिला विस्तार. 'येस्टर्डे', 'इन द कोर्ट', 'अँग्रिली' हे तिन्ही शब्दसमूह वरच्या पाचव्या वाक्यात घाला. काल, कोर्टात, रागारागाने भावाने वकिलाला चोर म्हटले. वाक्य लांबले, पण सांगाडा तोच राहिला. विस्तार काढून टाकला तरी वाक्य उभे राहते, ही त्याची सर्वसाधारण खूण. म्हणूनच तो पाच प्रकारांत मोजलेला नाही. तो कोणत्याही प्रकाराला जोडता येतो आणि बहुधा जागाही बदलतो.

आता मराठी माणसाची खास अडचण सांगतो. वरच्या शेवटच्या तीन वाक्यांची मराठी रूपे पुन्हा वाचा. वकिलाला भेटला, वकिलाला पत्र पाठवले, वकिलाला चोर म्हटले. तिन्हीकडे 'वकिलाला'! इंग्रजीने जिथे तीन वेगळ्या मांडण्या केल्या, तिथे मराठीने एकाच 'ला'वर काम भागवले. आपल्या कानाला त्यात काही वेगळे वाटत नाही आणि म्हणून या तीन प्रकारांतच आपली सर्वांत जास्त गल्लत होते.

एक वाक्य देतो. 'ही फाउंड हिज डॉटर अ गुड टीचर.' याचे दोन अर्थ होतात. वाक्य चौथ्या प्रकाराचे मानले तर त्याने मुलीसाठी चांगला शिक्षक शोधून दिला. पाचव्या प्रकाराचे मानले तर आपली मुलगी चांगली शिक्षिका आहे, असे त्याला आढळले. एका अर्थात मुलगी विद्यार्थिनी आहे, दुसऱ्यात ती स्वतःच शिक्षिका आहे, आणि वाक्यातले एक अक्षरही बदललेले नाही. अशा वेळी दोन परीक्षा घ्याव्यात. क्रियापदामागच्या दोन नामांमध्ये मनातल्या मनात 'इज' घालून पाहावा. 'हिज डॉटर इज अ गुड टीचर' हे लेखकाला म्हणायचे असेल तर प्रकार पाचवा. नाहीतर नामांची अदलाबदल करून मध्ये 'फॉर' किंवा 'टु' घालून पाहावा. 'ही फाउंड अ गुड टीचर फॉर हिज डॉटर' हे जुळत असेल तर प्रकार चौथा. या वाक्यात दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होतात, म्हणून निकाल मागच्यापुढच्या मजकुरावर सोडावा लागतो. बहुतेक वाक्यांत मात्र एकच उत्तीर्ण होते. 'सेंट द लॉयर अ लेटर' यात 'इज' घातला तर वकीलच पत्र होऊन बसेल!

हे सारे परीक्षेपुरते आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून काही वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ एके संध्याकाळी घरी आले. त्यांनी एका गृहनिर्माण संस्थेत जुना फ्लॅट घेतला होता आणि तो नावावर होण्याची ते वाट पाहत होते. हातात संस्थेचे इंग्रजी पत्र होते आणि चेहरा प्रसन्न होता. "सर, काम झालं एकदाचं. आभाराचं चार ओळींचं पत्र इंग्रजीत लिहून द्या," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. थकबाकीची रक्कम वर लिहिलेली होती आणि खाली एकच वाक्य होते:

'द फेल्युअर ऑफ द मेंबर टु पे द अबव्ह ड्यूज विदिन थर्टी डेज ऑफ द रिसीट ऑफ धिस नोटीस विल मेक द ट्रान्स्फर ऑफ द फ्लॅट टु हिज नेम व्हॉइड.'

त्यांनी ते कसे वाचले होते, हे त्यांच्या बोलण्यावरून ध्यानात आले. सदस्य, थकबाकी, तीस दिवस हे शब्द त्यांना कळले होते. पुढे 'विल मेक द ट्रान्स्फर ऑफ द फ्लॅट टु हिज नेम' हे तर स्वच्छ कळले होते: फ्लॅट नावावर करून देतील. शेवटचा 'व्हॉइड' हा त्यांना कसलातरी कचेरीतला शेरा वाटला होता. थोडक्यात, त्यांनी वाक्य तिसऱ्या प्रकाराचे मानले. 'विल मेक' हे क्रियापद, 'ट्रान्स्फर' हे कर्म आणि तिथे पूर्णविराम.

मी कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिल घेतली. प्रथम क्रियापद. 'टु पे' हे मुख्य क्रियापद नव्हे, कारण त्याला स्वतःचा काळ नाही. काळ दाखवणारे क्रियापद एकच, 'विल मेक'. त्याच्याखाली रेघ मारली. आता त्याच्या डावीकडचे सगळे, चांगले एकोणीस शब्द, मिळून एकच कर्ता. त्या लांबलचक कर्त्याचा प्रमुख शब्द 'फेल्युअर'. बाकीचे त्याचे शेपूट: कोणाचे फेल्युअर, काय करण्याचे, किती दिवसांत. 'तीस दिवसांत' हा विस्तार खरा, पण तो 'टु पे'चा आहे, म्हणजे कर्त्याच्या पोटातला. तो आख्ख्या वाक्याचा नव्हे. तीस दिवसांत फ्लॅट नावावर होणार, असा अर्थ त्यातून निघत नाही. तीस दिवस आहेत ते पैसे भरायला.

मग उजवी बाजू. 'मेक'ला काय हवे? हे क्रियापद लबाड आहे, ते तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तिन्ही प्रकारांत वावरते. 'शी मेड टी' हा तिसरा, 'शी मेड मी टी' हा चौथा आणि 'शी मेड मी अँग्री' हा पाचवा. म्हणून 'मेक' दिसले की वाक्याच्या शेवटापर्यंत गेल्याशिवाय थांबू नये. 'ट्रान्स्फर' हे कर्म, 'ऑफ द फ्लॅट टु हिज नेम' हे त्याचे शेपूट, आणि मग उरतो एकटा 'व्हॉइड'. तो विशेषण आहे. दोघांत 'इज' घालून पाहा: 'द ट्रान्स्फर इज व्हॉइड.' हस्तांतर रद्दबातल! म्हणजे वाक्य पाचव्या प्रकाराचे आहे. सगळी शेपटे छाटली की उरतात पाच शब्द: 'फेल्युअर विल मेक ट्रान्स्फर व्हॉइड.' पैसे न भरल्यास हस्तांतर रद्द होईल.

पत्र हाती पडून एकवीस दिवस झाले होते. आभाराचे पत्र राहिले बाजूला. ते दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले, रक्कम भरली आणि पावतीची प्रत संस्थेच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. नऊ दिवस हातात होते म्हणून निभावले. त्यांना 'व्हॉइड'चा अर्थ ठाऊक नव्हता, हे खरे. पण तो ठाऊक नसतानाही, या पाटावर कोणीतरी महत्त्वाचा बसला आहे एवढे सांगाड्यावरून कळले असते, आणि मग त्यांनी तो शब्द शब्दकोशात पाहिला असता. अनोळखी शब्दांपैकी कोणता सोडून चालेल आणि कोणता नाही, हे सांगाडाच सांगतो.

वाचण्याइतकाच लिहिताना त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य आहे, 'प्लीज एक्स्प्लेन मी द पोएम.' 'मला कविता समजावून सांगा' याचे हे शब्दशः रूप. 'गिव्ह मी द बुक' चालते, 'टेल मी द स्टोरी' चालते, मग 'एक्स्प्लेन मी' का नको? कारण 'गिव्ह' आणि 'टेल' यांना चौथा प्रकार मान्य आहे, 'एक्स्प्लेन'ला नाही. त्याला कर्म एकच लागते, माणूस 'टु' लावून मागून आणावा लागतो: 'एक्स्प्लेन द पोएम टु मी.' 'सजेस्ट'चेही तसेच. उलट 'टेल'ला माणूस थेट हवा असतो, तरी आपण 'ही टोल्ड टु मी' म्हणून जातो. इथे अर्थावरून तर्क चालत नाही. क्रियापद शिकतानाच त्याचा प्रकार शिकावा लागतो, जसे नाम शिकताना आपण त्याचे लिंग शिकतो.

दुसऱ्या प्रकारातही एक खड्डा आहे. 'द फ्लॉवर्स स्मेल स्वीट' याऐवजी 'स्वीटली' लिहिण्याचा मोह होतो, कारण क्रियापदानंतर क्रियाविशेषण यावे, असे पाठ केलेले असते. पण इथे गोडपणा वास येण्याच्या क्रियेचा नाही, फुलांचा आहे. 'स्वीट' हे पूरक आहे आणि क्रियाविशेषण पूरकाच्या पाटावर बसत नाही. हेच 'स्मेल' माणसाच्या नाकाशी जोडा, 'शी स्मेल्ड द फ्लॉवर्स', की झाला तिसरा प्रकार. क्रियापद तेच, पण मांडणी बदलली आणि अर्थही बदलला.

हे पाच प्रकार काही आजचे नाहीत. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांपैकी एक, सी. टी. अनियन्स, यांनी १९०४ साली इंग्रजी वाक्यरचनेवर पुस्तक लिहिले. त्यात विधेयाची पाच रूपे मांडलेली आहेत. ती कल्पना जपानमध्ये गेली. तिथे होसोए इत्सुकी या व्याकरणकाराने १९१७ साली ती आपल्या ग्रंथात घेतली आणि जपानी शाळांत ती अशी रुजली, की तिथला विद्यार्थी आजही पाच वाक्यप्रकारांवरून इंग्रजी शिकतो. जपानी भाषेतही आपल्यासारखेच क्रियापद शेवटी येते आणि नामांना प्रत्ययवजा शब्द लागतात. जागांचे व्याकरण त्यांना जवळचे का वाटले, हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये. 

मात्र पाच हा आकडा म्हणजे शिलालेख नव्हे. जपानमध्येच इंग्रजी शिकवलेल्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ साली आपल्या मार्गदर्शक पुस्तकात क्रियापदांचे पंचवीस प्रकार दिले. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांनी १९८५ साली जो मोठा व्याकरणग्रंथ सिद्ध केला, त्यात सात प्रकार आहेत. हे वाढीव दोन आले विस्तारामुळे. विस्तार काढला तरी वाक्य उभे राहते, असे मी वर म्हटले. पण 'ही पुट द की ऑन द टेबल' यातला 'ऑन द टेबल' काढून पाहा. 'त्याने किल्ली ठेवली' हे मराठीत एक वेळ चालेल, इंग्रजीत 'ही पुट द की' हे लंगडे वाक्य आहे. 'माय ब्रदर इज इन नागपूर' यातूनही 'इन नागपूर' काढता येत नाही. अशा ठिकाणी विस्तार हा पाहुणा राहत नाही, घरचा होतो. हे दोन अपवाद पाचांच्या जोडीला लक्षात ठेवले की सात झाले.

काही वाक्ये मात्र या चौकटीत नीट बसत नाहीत. 'आय वाँट हिम टु गो' यात 'हिम' एकटा कर्म आणि 'टु गो' त्याचे पूरक, की 'त्याने जावे' एवढे सगळे मिळून एक कर्म, यावर व्याकरणकारांत एकमत नाही. अशा जागी घर कोणते यावर अडून बसू नये. कोणी जायचे आहे आणि कोणाची तशी इच्छा आहे, हे कळले की वाचकाचे काम झाले. आणि जोडवाक्य लांबलचक असेल तर त्यात काळ दाखवणारी क्रियापदे जितकी, तितके सांगाडे असतात. एकेका क्रियापदाभोवतीचा तुकडा वेगळा काढून सोडवावा, सगळे एकदम उचलू नये.

आज रविवार आहे, हाताशी पेन्सिल असेल, तर एक वाक्य सोडवून पाहा. 'द डिसिजन ऑफ द कमिटी टु क्लोज द ओल्ड रोड लेफ्ट द पीपल ऑफ थ्री व्हिलेजेस हेल्पलेस.' मुख्य क्रियापद 'लेफ्ट'. लोक गाव सोडून गेले, असे भाषांतर माझ्या वर्गात दरवर्षी दोघे-तिघे तरी करत. 'लेफ्ट'च्या डावीकडे कोण आहे आणि शेवटचा 'हेल्पलेस' कोणाला लागतो, एवढे दोनच प्रश्न विचारा.